पतीच्या नावावरचे राहते घर : वारस नोंद, हिस्सा आणि कागदपत्रांबाबत सल्लापत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण दिलेली कागदपत्रे पाहिली. गावठाणातले घर मिळकत पत्रिकेवर एकट्या आपल्या दिवंगत यजमानांच्या नावावर आहे, त्यांनी ते स्वतःच्या कमाईतून घेतले आणि मृत्युपत्र केलेले नाही. त्यामुळे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार पहिल्या वर्गातले वारस आपण, मुलगा, मुलगी आणि सासूबाई असे चौघेच. प्रत्येकाचा हिस्सा एक चतुर्थांश. सासरे दुसऱ्या वर्गात येतात आणि पहिल्या वर्गातला एकही वारस हयात असेल तर त्यांना काही मिळत नाही. दिरांचेही तेच.

सासूबाईंचा हिस्सा मात्र खरा आहे, तो नाकारू नका. तो त्या हयातीत किंवा मृत्युपत्राने दिरांना देऊ शकतात, आणि मृत्युपत्र केले नाही तर त्यांच्या पश्चात तो वारसाहक्कानेही दिरांकडे जाऊ शकतो. आपला हिस्सा पूर्ण मालकीचा आहे. पुढे पुनर्विवाह केलात तरी तो परत जात नाही.

“बाईला राहत्या घराची वाटणी मागता येत नाही,” असे आपल्याला सांगितले गेले, ते याच उत्तराधिकार अधिनियमाच्या जुन्या कलम 23 वरून. ते कलम 9 सप्टेंबर 2005 पासून रद्द झाले आहे. जाणकार म्हणवणारेही ते अजून ऐकवतात.

आता वारस नोंद. मिळकत पत्रिका असलेल्या घराचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात द्यायचा, शेतजमीन असती तर तलाठ्याकडे. सोबत मृत्यू दाखला, मिळकत पत्रिकेची ताजी नक्कल, सर्वांची आधार प्रत आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र लागते. प्रतिज्ञापत्रात चौघांची नावे, नाते, वय व पत्ते लिहा. सासूबाईंचे नाव रागाने गाळले तर हरकत येते, अर्ज अडकतो आणि खोट्या प्रतिज्ञापत्राचा ठपका आपल्यावर बसतो. मुलांची नावे “अज्ञान पालनकर्ती आई” असा शेरा देऊन लावून घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का घ्यायला विसरू नका.

कार्यालय सर्व हितसंबंधितांना नोटीस काढते आणि हरकतीसाठी 15 दिवस देते. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाऊन सुनावणी लागते. तिथे मालकीचा निकाल लागत नाही, कोण वारस आहे एवढेच पाहिले जाते. त्यामुळे नोंद झाली म्हणजे घर मिळाले असे नाही, आणि दिरांनी आपले नाव आधी लावून घेतले असले तरी ते मालक ठरत नाहीत. तशी नोंद दिसली तर आदेशापासून 60 दिवसांत अपील करायचे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नाव चढवून हक्क सांगणे हा नेहमीचा प्रकार आहे, पण तो कर आकारणीचा कागद आहे.

खरा धोका हक्कसोडपत्राचा आहे. “नोंदीसाठी सही लागते” असे सांगून ते पुढे केले जाते. वारस नोंदीला कुणाच्याही हक्कसोडीची गरज नसते. घराचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत असल्याशिवाय चालत नाही, म्हणून कुणी दुय्यम निबंधकाकडे चला म्हणाले की तिथेच थांबा. कोऱ्या मुद्रांकावर तर अंगठाही नको. मुलांचा हिस्सा आपणही सोडू शकत नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती न घेता केलेला व्यवहार मुलांना सज्ञान झाल्यावर रद्द करून घेता येतो.

कुलूप बदलले, वीज तोडली किंवा बाहेर काढले, तर वाटणीच्या दाव्याची वाट पाहू नका. कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, 2005 च्या कलम 12 खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून निवास आदेश मागता येतो. तालुक्याचे संरक्षण अधिकारी अर्ज भरायला मदत करतात. निकड असेल तर याच हिंसाचार अधिनियमाच्या कलम 23 खाली अंतरिम आदेशही मागावा. पत्त्यासाठी शिधापत्रिका, वीजबिल, मुलांचे शाळेचे दाखले जोडा. मर्यादा एवढीच की न्यायालय दिराला घराबाहेर जायला सांगू शकते, सासूबाईंना नाही. त्या स्त्री असल्याने कायद्यातच तशी मनाई आहे.

घर सासऱ्यांच्या नावावर असते तर त्यांच्या हयातीत हिस्सा मागता आला नसता. राहण्याचे संरक्षण मात्र तिथेही मागता आले असते, कारण सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरही सामायिक घर ठरू शकते असे म्हटले आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. येत्या आठवड्यात मिळकत पत्रिकेची ताजी नक्कल काढा, त्यावर कुणाची नावे लागली आहेत ते पाहून मला कळवा, मग अर्ज करायचा की अपील ते ठरवू.

आपला,
वकील