सहा लाखांचं पॅकेज, मग हातात पन्नास हजार का नाहीत?

"पॅकेज सहा लाखांचं, म्हणजे महिना पन्नास हजार. त्यातून कमी येतं ते टॅक्समुळे."

टॅक्सचा इथे संबंधच नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या पगारावर आयकर शून्य आहे. पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, आणि त्यातले काही पैसे पगारात येतच नाहीत.

समजा बेसिक महिना २५,००० आहे. त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ वर्षाला ३६,०००. ग्रॅच्युइटीपोटी धरलेले साधारण १४,४००. कायम नोकरीत ती सहसा पाच वर्षं टिकलात तरच मिळते, तरी ऑफरमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून मोजलेली! व्हेरिएबल ६०,०००, तेही कामगिरी पाहून, बहुधा वर्षाअखेरीस. उरले ४,८९,६००, म्हणजे महिना ४०,८००. यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला, की बँकेत ३७,६०० पडतात.

दोन्ही पीएफ तुमचेच आहेत, ते बुडत नाहीत. खरी गोम व्हेरिएबलमध्ये. सही करण्याआधी एचआरला महिन्याचा फिक्स्ड ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा ठरलेला पगार, किती, ते ईमेलवर विचारा.