ओठ आणि गाणे यांच्यामधले २८ मीटर

स्वतःच्या नव्या गाण्याचा व्हिडिओ करताना गाणे आधी ध्वनिमुद्रित झालेले असते. चित्रीकरणाच्या जागी तेच गाणे स्पीकरवर वाजवतात आणि गायिका त्याच्यासोबत ओठ हलवते. कॅमेऱ्याचा मायक्रोफोन स्पीकरचा आवाज टिपून ठेवतो, परंतु तो अंतिम व्हिडिओसाठी नसतो. संकलनाच्या वेळी संगणकावर या कच्च्या आवाजाची लहर मूळ गाण्याच्या लहरीशी जुळवली जाते आणि कच्चा आवाज काढून टाकला जातो. दोन्ही लहरी तंतोतंत जुळल्या म्हणजे ओठही जुळले, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक नेहमी खरे ठरत नाही, कारण जुळवणी होते ती मायक्रोफोनला ऐकू आलेल्या गाण्याशी, आणि ओठ हलतात ते गायिकेला ऐकू आलेल्या गाण्यावर.

कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावरचे चित्रीकरण उदाहरणादाखल घेऊ. गायिका पाण्याच्या कडेला उभी आहे आणि कॅमेरा लांब पल्ल्याची लेन्स लावून तिच्यापासून २८ मीटरवर ठेवला आहे. वाळू आणि पाण्यापासून जपण्यासाठी स्पीकर कॅमेऱ्याच्या पायाशीच ठेवला आहे, जे नवख्या चमूत हमखास घडते. साधारण ३० अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणून गाणे गायिकेपर्यंत पोहोचायला ८० मिलिसेकंद लागतात. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा असेल, तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे हा उशीर बरोबर दोन फ्रेमचा झाला. तिच्या चेहऱ्यावरून येणाऱ्या प्रकाशाला मात्र कॅमेऱ्यापर्यंत यायला वेळ लागतच नाही, असे म्हणायला हरकत नाही. मायक्रोफोन स्पीकरला खेटून असल्याने त्याने गाणे विनाविलंब ऐकले. आता लहरी कितीही अचूक जुळवल्या, तरी अंतिम व्हिडिओत आधी शब्द ऐकू येईल आणि दोन फ्रेमनंतर ओठ हलतील.

आता स्पीकर उचलून गायिकेच्या पायाशी, चौकटीच्या जरा बाहेर ठेवू. ती लगेच ऐकते आणि लगेच ओठ हलवते, परंतु कॅमेऱ्याचा मायक्रोफोन ८० मिलिसेकंद उशिरा ऐकतो. लहरी जुळवताना संकलक नकळत चित्र तेवढेच पुढे ओढतो आणि ओठ आवाजाच्या दोन फ्रेम आधी हलतात. चूक तेवढीच आहे, फक्त दिशा उलटी झाली. प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र या दोन चुका सारख्या नाहीत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीनुसार आवाज चित्राच्या पुढे असेल, तर सुमारे ४५ मिलिसेकंदांचा फरकही लक्षात येऊ लागतो. आवाज मागे असेल, तर तो सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फलंदाजाने मारलेला फटका आधी दिसतो आणि नंतर ऐकू येतो. निसर्गात आवाज प्रकाशाच्या मागेच राहत असल्याने आपला मेंदू त्या क्रमाला सरावलेला असावा. त्यामुळे स्पीकर कॅमेऱ्याजवळ असताना खटकणारी चूक तो गायिकेजवळ नेल्यावर बहुधा पचते. तरीही लांब लेन्समधून चेहरा पडदाभर दिसत असेल, तर दोन फ्रेम तशाच सोडू नयेत, असे माझे मत आहे. अंतर ठाऊक असताना क्लिप तेवढी सरकवणे हे क्षणाचे काम आहे.

गायिका कॅमेऱ्याकडे चालत येऊ लागली की हा सोपा उपाय कोलमडतो. स्पीकर कॅमेऱ्याजवळ असेल आणि ती २८ मीटरवरून ७ मीटरवर आली, तर उशीर ८० मिलिसेकंदांवरून २० वर उतरतो आणि क्लिप कितीही सरकवली तरी ती एकाच वेळी दोन्ही टोकांना जुळत नाही. अशा वेळी गाणे थेट तिच्या कानात द्यावे लागते. केसांआड लपवलेला छोटा इअरफोन आणि कमरेला अॅनालॉग रेडिओ रिसीव्हर असेल, तर उशीर जवळजवळ शून्य होतो, शिवाय लाटांच्या गाजेत शब्द बुडण्याची अडचणही उरत नाही. तेच गाणे वायरने किंवा दुसऱ्या रिसीव्हरने कॅमेऱ्याच्या ऑडिओ इनपुटमध्येही सोडावे, नाहीतर जुळवायला लहरच मिळणार नाही.

इथे ब्लूटूथबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. ब्लूटूथ आवाजाला बरेचदा १०० मिलिसेकंदांहून अधिक उशीर करतो, हे खरे आहे. परंतु गायिका आणि मायक्रोफोन दोघेही त्याच एका ब्लूटूथ स्पीकरचा आवाज ऐकत असतील, तर हा उशीर दोघांनाही सारखाच लागू होतो आणि जुळवणीत निघून जातो. घोळ होतो तो गायिकेच्या कानात ब्लूटूथ आणि कॅमेऱ्यात वायर असताना. तो किती आहे हे मोजायचे असेल, तर वायरचा आणि ब्लूटूथचा असे दोन स्पीकर शेजारी ठेवून एकच टकटक दोन्हींवर वाजवावी, ती एकाच रेकॉर्डरवर टिपावी आणि लहरीतल्या दोन टोकांमधले अंतर पाहावे.

संथ गतीच्या दृश्यात ओठ जुळलेले हवे असतील, तर गाणे वेगाने वाजवून चित्रीकरण करतात. ५० फ्रेमने चित्रित करून २५ ने दाखवायचे, तर गाणे दुप्पट वेगाने वाजवावे लागते. मिनिटाला ९६ मात्रांची लय १९२ होते आणि त्या वेगात तान तर सोडाच, साधी जोडाक्षरेही ओठांवर नीट येत नाहीत. म्हणून ३० फ्रेम आणि १.२ पट वेग हा पर्याय मला अधिक व्यवहार्य वाटतो. चार मिनिटांचे गाणे तेव्हा २०० सेकंदांत संपले पाहिजे. ते १९२ सेकंदांचे झाले असेल, तर कोणीतरी वेग २० टक्के वाढवण्याऐवजी लांबी २० टक्के कमी केली आहे, असे समजावे. संथ गतीत चित्रासोबत उशीरही ताणला जातो: चित्रीकरणातले ८० मिलिसेकंद ३० फ्रेमच्या दृश्यात ९६ होतात आणि ५० फ्रेमच्या दृश्यात १६०, म्हणजे तब्बल चार फ्रेम. स्पीकर जवळ आणण्याची सर्वाधिक गरज याच दृश्यांत असते.

जुळणी तपासताना संपूर्ण ओळ पाहत बसू नये; प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण शोधावेत. ‘पाऊस’ म्हणताना ‘प’साठी ओठ मिटतात, क्षणभर शांतता असते आणि ओठ विलग होताच आवाज फुटतो. लहरीत ही शांतता सपाट आणि स्फोट टोकदार दिसतो. ओठ उघडण्याची फ्रेम त्या टोकावर आली पाहिजे. ‘म’ यासाठी तेवढा उपयोगी नाही, कारण ओठ मिटलेले असतानाही त्याचा नाद चालूच असतो. मराठीत शुद्ध स्वरांवर लांबवलेल्या जागा पुष्कळ असतात आणि तिथे दोन-तीन फ्रेमची चूक सहज लपते, म्हणून अशा जागेवरून निष्कर्ष काढू नये.

एका अडचणीवर संकलनात इलाज नाही. स्पीकर गायिकेजवळ आहे आणि तिच्या १४ मीटर मागे ढोलकीवाला वाजवण्याचा अभिनय करतो आहे, अशा विस्तृत दृश्यात त्याला गाणे एक फ्रेम उशिरा ऐकू येते. गायिकेला जुळवले तर त्याची थाप मागे पडते, आणि थाप जुळवली तर तिचे ओठ आधी हलतात. दोघांनाही कानात गाणे द्यावे, नाहीतर दोघांपासून सारख्याच अंतरावर स्पीकर ठेवावा. तो बरोबर मधोमध ठेवल्यास दोघांना होणारा उशीर ७ मीटरचा, म्हणजे २० मिलिसेकंदांचा असतो आणि तो क्लिप सरकवून एकत्रच काढता येतो.