बाण उलटे फिरवल्यावर: आठ बिंदूंच्या डीआयएफ एफएफटी आकृतीची पार्श्वभूमी

इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शाखेच्या विद्यार्थ्याला आठ बिंदूंच्या एफएफटीची, म्हणजे फूरिए रूपांतर जलद करण्याच्या पद्धतीची, प्रवाह-आकृती दोनदा शिकावी लागते, एकदा ‘डेसिमेशन इन टाइम’ (डीआयटी) या रूपात आणि एकदा ‘डेसिमेशन इन फ्रिक्वेन्सी’ (डीआयएफ) या रूपात. दोन्हींचे उत्तर एकच असल्यामुळे दुसरी आकृती ही केवळ परीक्षेसाठीची पुनरावृत्ती आहे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या दोन आकृत्यांमध्ये एक नेमके गणिती नाते आहे, आणि ते समजण्यासाठी त्या कुठून आल्या हे पाहणे व त्यांपैकी एक हाताने पूर्ण सोडवणे, या दोन्ही गोष्टी उपयोगी पडतात.

१९६३ साली अमेरिकी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीत प्रिन्स्टनचे संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी आणि आयबीएमचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड गार्विन एकत्र काम करत होते. फूरिए रूपांतर कमी गुणाकारांत कसे करता येईल याची टुकी यांची कल्पना ऐकल्यावर गार्विन यांना तिचा उपयोग तात्काळ दिसला, कारण सोव्हिएत भूमिगत अणुचाचण्या भूकंपमापकांच्या नोंदींवरून ओळखायच्या तर लांबलचक नोंदींचे वर्णपट काढणे अपरिहार्य होते. त्यांनी हे काम आयबीएममधील जेम्स कूली यांच्याकडे सोपवले, मात्र खरा हेतू न सांगता, हेलियम-३ च्या स्फटिकातील फिरकीचा प्रश्न पुढे करून. यातून निघालेला कूली व टुकी यांचा निबंध एप्रिल १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८०५ च्या सुमारास पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेसाठी १२ निरीक्षणे लहान गटांत विभागून हीच युक्ती वापरली होती आणि ते लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापले गेले, ही गोष्ट अभियंत्यांच्या ध्यानात बऱ्याच उशिरा आली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे नाव गॉर्डन सँड यांचे आहे. टुकी यांचे विद्यार्थी असलेल्या सँड यांनी त्याच कल्पनेपासून स्वतंत्रपणे दुसरी मांडणी तयार केली, आणि म्हणून डीआयएफ रूपाला आजही सँड-टुकी रूप म्हटले जाते. १९६६ मध्ये मॉर्वेन जेंटलमन आणि सँड यांनी एकत्र लिहिलेल्या निबंधातून ‘ट्विडल फॅक्टर’ हा शब्द रूढ झाला. दोन टप्प्यांच्या मध्ये बसणारे, संख्येला फक्त वळण देणारे ते गुणक त्या लहानशा शब्दाने जितके नेमके ओळखले जातात तितके कोणत्याही जड परिभाषेने ओळखले गेले नसते, असे मला वाटते.

या दोन मांडण्यांतील फरक कुठे सुरू होतो, हे सूत्रापेक्षा विभागणीवरून लवकर कळते. डीआयटीमध्ये आपण आगत नमुन्यांची सम आणि विषम अशी विभागणी करतो आणि उत्तरे आपोआप पहिला अर्धा व दुसरा अर्धा अशी मिळतात. डीआयएफमध्ये नेमके याच्या उलट होते: आगत नमुने पहिले चार आणि नंतरचे चार असे सलग तोडले जातात आणि उत्तरे सम व विषम अशी वेगळी होतात. सम क्रमांकाच्या उत्तरांसाठी x(n) आणि x(n+4) यांची बेरीज लागते, तर विषम क्रमांकांसाठी त्यांची वजाबाकी लागते आणि त्या वजाबाकीला W8ⁿ या ट्विडल गुणकाने गुणावे लागते. ‘डेसिमेशन’ म्हणजे ठरावीक अंतराने निवड करणे. ही निवड वेळेच्या अक्षावर केली तर एक नाव आणि वारंवारतेच्या अक्षावर केली तर दुसरे, इतकाच त्या नावांचा अर्थ आहे.

आता एक उदाहरण हाताने सोडवू. नमुने अनुक्रमे ३, ३, २, ०, १, १, ०, २ असे घेऊ. ट्विडल गुणक चारच लागतात:

```
W⁰ = 1
W¹ = (1 − j)/√2
W² = −j
W³ = −(1 + j)/√2
```

पहिल्या टप्प्यात एकमेकांपासून चार घरे दूर असलेल्या जोड्या घ्यायच्या. बेरजा ४, ४, २, २ अशा येतात आणि त्या वरच्या चार रेषांवर जातात. वजाबाक्या २, २, २, −२ अशा येतात, त्या खालच्या चार रेषांवर जातात आणि वजाबाकी पूर्ण झाल्यानंतरच त्यांना W⁰ ते W³ ने गुणायचे असते. म्हणजे खालच्या अर्ध्या भागात हे चार आकडे उरतात:

```
g0 = 2
g1 = √2(1 − j)
g2 = −2j
g3 = √2(1 + j)
```

यापुढे वरचा आणि खालचा भाग एकमेकांशी पुन्हा कधीही मिसळत नाहीत. ते चार बिंदूंचे दोन स्वतंत्र प्रश्न झालेले असतात, आणि डीआयएफची आकृती डावीकडून उजवीकडे जाताना तुटत जाते ती याच कारणाने. दुसऱ्या टप्प्यात जोड्यांमधील अंतर दोन घरांचे होते आणि गुणक फक्त १ व −j उरतात. वरच्या भागात ६, ६ या बेरजा, आणि २ व −2j ही गुणकासह वजाबाकी मिळते. खालच्या भागात g0+g2 म्हणजे 2−2j, g1+g3 म्हणजे 2√2, g0−g2 म्हणजे 2+2j, आणि (g1−g3) ला −j ने गुणल्यावर −2√2 मिळते. तिसऱ्या टप्प्यात शेजारच्या रेषांची नुसती बेरीज-वजाबाकी असते, गुणक नसतोच. वरून खाली उत्तरे अशी उतरतात:

```
X(0) = 12
X(4) = 0
X(2) = 2 − 2j
X(6) = 2 + 2j
X(1) =  4.828 − 2j
X(5) = −0.828 − 2j
X(3) = −0.828 + 2j
X(7) =  4.828 + 2j
```

येथे 4.828 म्हणजे 2+2√2 आणि −0.828 म्हणजे 2−2√2. क्रम ०, ४, २, ६, १, ५, ३, ७ असा का येतो, तर प्रत्येक टप्प्यात सम वर आणि विषम खाली अशी विभागणी होत गेल्यामुळे क्रमांकाचा सर्वांत कनिष्ठ बिट जागा ठरवताना सर्वांत वरिष्ठ होऊन बसतो. १ म्हणजे 001, तो उलटा वाचला की 100, म्हणजे चौथी जागा. जागा शून्यापासून मोजल्या तर X(1) तिथेच आहे.

हेच नमुने डीआयटीच्या आकृतीत घातले तर सुरुवात बिट-उलट क्रमाने, म्हणजे ३, १, २, ०, ३, १, ०, २ अशी होते. पहिल्या टप्प्यातून ४, २, २, २, ४, २, २, −२ हे आकडे मिळतात. बारकाईने पाहिले तर हे डीआयएफच्या पहिल्या टप्प्यातील गुणण्यापूर्वीचेच आठ आकडे आहेत, फक्त वेगळ्या जागी बसलेले. फरक त्यानंतर पडतो. डीआयटीमध्ये हे आकडे तसेच पुढे जातात, सम नमुन्यांचे चार बिंदूंचे रूपांतर 6, 2−2j, 2, 2+2j असे तयार होते, विषम नमुन्यांचे 6, 2+2j, 2, 2−2j असे होते, आणि W¹ व W³ हे अवघड गुणक अगदी शेवटच्या टप्प्यात येतात. उदाहरणार्थ, W¹(2+2j) = 2√2, म्हणून X(1) = 2−2j+2√2; तेच उत्तर. डीआयटीच्या बटरफ्लायमध्ये, म्हणजे दोन रेषांच्या बेरीज-वजाबाकीच्या एका घटकात, खालच्या रेषेला आधी गुणायचे आणि मग बेरीज-वजाबाकी करायची, तर डीआयएफमध्ये आधी बेरीज-वजाबाकी करायची आणि मग फक्त खालच्या रेषेला गुणायचे, हा या दोहोंतील गाभ्याचा फरक आहे.

दोन्हींचे काम मात्र तंतोतंत समान आहे: तीन टप्पे, प्रत्येकात चार बटरफ्लाय, एकूण १२. थेट व्याख्येने गेल्यास ६४ गुणाकार लागतील. या १२ पैकी √२ असलेले खरे गुणाकार दोनच आहेत, बाकीचे १ ने किंवा −j ने आहेत. ही समानता योगायोग नाही. प्रवाह-आकृतीतील सर्व बाण उलटे फिरवले आणि आगत व निर्गत यांची अदलाबदल केली, तर मिळणारी आकृती मूळ सारणीच्या परिवर्त सारणीचे गणित करते. फूरिए सारणीत n आणि k या ओळी-स्तंभांच्या छेदावर W च्या nk व्या घातांकाची संख्या असते, आणि nk व kn एकच असल्याने ही सारणी स्वतःचीच परिवर्त आहे. म्हणून डीआयटीची आकृती उजवीकडून डावीकडे वाचली की डीआयएफची आकृती मिळते, आणि तिचे उत्तर बदलूच शकत नाही. बटरफ्लायमधील गुणकाची जागा आधीची नंतर का होते, याचेही उत्तर यातच आहे.

हाताने सोडवताना होणाऱ्या चुका बहुधा याच जागेवर होतात. डीआयटीची सवय असलेला विद्यार्थी डीआयएफमध्येही खालच्या नमुन्याला आधी गुणतो आणि मग वजा करतो. वरील उदाहरणात पहिल्या टप्प्यात तसे केल्यास X(1) सुमारे 7.707+2.121j आणि X(7) सुमारे 0.707+0.879j येतो. नमुने वास्तव असताना X(1) आणि X(7) एकमेकांचे संयुग्म असलेच पाहिजेत, त्यामुळे ही चूक लगेच उघडी पडते. उत्तरे बिट-उलट क्रमात आहेत हे विसरून सरळ वाचली, तरीही हीच कसोटी कामी येते, कारण X(1) म्हणून वाचलेला ० आणि X(7) म्हणून वाचलेला 4.828+2j यांचा मेळ बसत नाही.

अधिक फसवी चूक वजाबाकीच्या क्रमाची आहे. पहिल्या टप्प्यात वरच्यातून खालचा वजा करण्याऐवजी खालच्यातून वरचा वजा केला, तर सर्व विषम उत्तरांचे चिन्ह बदलते. संयुग्म जोड्या शाबूत राहतात. ऊर्जेची पडताळणीही बरोबर येते: नमुन्यांच्या वर्गांची बेरीज २८, तिची आठपट २२४, आणि उत्तरांच्या परिमाणांच्या वर्गांची बेरीजही २२४. ही चूक पकडायची तर सर्व उत्तरांची बेरीज करावी, कारण ती x(0) च्या आठपट, म्हणजे २४ यायला हवी. चिन्ह उलटले असेल तर ती ८ येते, आणि ८ ही x(4) ची आठपट आहे. विषम उत्तरांचे चिन्ह बदलणे म्हणजे संपूर्ण नमुना-मालिका चार घरे सरकवणे, म्हणून ऊर्जेला त्याचा पत्ताच लागत नाही.

दोन्ही रूपे टिकून राहिली ती मात्र शिकवण्याच्या सोयीसाठी नव्हे. लांब गाळणीचे काम एफएफटीने करायचे असते तेव्हा संकेताचे रूपांतर काढून ते गाळणीच्या रूपांतराशी क्रमांकानुसार गुणायचे आणि मग उलटे रूपांतर करायचे, असा क्रम असतो. पुढचे रूपांतर डीआयएफने केले तर उत्तरे बिट-उलट क्रमात मिळतात. गाळणीचे रूपांतरही त्याच क्रमात साठवून ठेवले की गुणाकाराला क्रमाची पर्वा नसते. आणि उलट्या रूपांतराला डीआयटी वापरले, गुणकांच्या j चे चिन्ह बदलून व शेवटी बिंदूंच्या संख्येने भागून, तर तिला आगत नेमके बिट-उलट क्रमातच हवे असते. अशा मांडणीत आकडे त्यांच्या जागी परत बसवण्याची पायरी एकदाही करावी लागत नाही.