मजकूर-ओळखीसाठी छायाचित्राची पूर्वतयारी

कागदाच्या छायाचित्रातून संगणकाने अक्षरे ओळखून मजकूर काढावा (ओसीआर), यासाठी आधी त्या छायाचित्रावर केल्या जाणाऱ्या सुधारणा. कडा कापणे, तिरपेपणा काढणे, शाई आणि कागद यांतला फरक वाढवणे आणि चकाकी घालवणे ही त्यातली मुख्य कामे. सपाट स्कॅनरवर काढलेल्या प्रतिमेला यांतले फारसे काही लागत नाही. मोबाइलने घाईत काढलेल्या फोटोला मात्र बहुधा चारही लागतात, आणि ती कोणत्या क्रमाने केली यावर निकाल बराच अवलंबून असतो. देवनागरीत शिरोरेषेमुळे यांतले एक काम सोपे होते आणि दुसरे बिकट, म्हणून या नोंदीत मराठी छापील पानच डोळ्यांसमोर ठेवले आहे.

उदाहरणादाखल दिवाळी अंकाचे एक पान घेऊ. कागद गुळगुळीत, मजकूर दोन स्तंभांत, अक्षर १० पॉइंटचे. पान लाकडी टेबलावर ठेवून ट्यूबलाइटखाली फोटो काढला आहे. फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असला तरी सुमारे साडेनऊ इंच उंचीच्या पानाने त्यातले २४०० पिक्सेलच व्यापले आहेत. बाकी सगळे टेबल. म्हणजे पानाच्या वाट्याला इंचाला साधारण २५० पिक्सेल आले. १० पॉइंटच्या टाइपाची पूर्ण उंची यात ३५ पिक्सेल भरते आणि शिरोरेषेपासून पायापर्यंतचे अक्षर त्याच्या निम्म्याच्या आसपास. टेसरॅक्ट या मुक्तस्रोत प्रणालीसाठी इंचाला किमान ३०० पिक्सेल असावेत अशी शिफारस आहे. म्हणून हे पान दीडपट मोठे करून घेतात. मोठे केल्याने नवा तपशील येत नाही, फक्त प्रणालीला सवयीच्या आकाराचे अक्षर मिळते. कॅमेरा थोडा जवळ नेऊन पानाने चौकट भरली असती, तर खरा तपशील मिळाला असता. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत तर आणखी लहान झालेली असते. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर मूळ पिक्सेल शाबूत राहतात.

कडा कापणे

हे काम सगळ्यांत आधी करायचे, आणि ते केवळ नीटनेटकेपणासाठी नाही. बहुतेक प्रणाली ओळी शोधण्यापूर्वी चित्राचे निव्वळ काळ्या-पांढऱ्यात रूपांतर करतात. त्यासाठी नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ साली मांडलेली पद्धत सर्रास वापरली जाते. ही पद्धत चित्रातल्या सगळ्या पिक्सेलांच्या उजळपणाचा आलेख काढते आणि त्यांचे दोन गट सर्वांत स्पष्टपणे वेगळे पडतील तिथे सीमा आखते. चित्रात गडद टेबल शिल्लक असेल तर दोन गट पडतात ते टेबल आणि पान असे. अक्षरांचे पिक्सेल संख्येने इतके थोडे असतात की सीमा ठरवताना त्यांची दखलच घेतली जात नाही. फिकट छपाई मग कागदात विरून जाते. टेबल कापून टाकले की दोन गट उरतात ते शाई आणि कागद.

कापताना अक्षरांना खेटून कापू नये, चहूबाजूंनी थोडी पांढरी पट्टी ठेवावी. अन्यथा कडेच्या वेलांट्या आणि उकार अर्धवट कापले जातात. दिवाळी अंकासारख्या दोन स्तंभांच्या पानाचे स्तंभही वेगवेगळे कापून घेतलेले बरे. प्रणालीला स्तंभ आपोआप कळतात खरे, पण मधे एखादे रेखाचित्र आले की डाव्या स्तंभाची ओळ उजव्या स्तंभात शिरते.

तिरपेपणा

यात दोन वेगळ्या दोषांची गल्लत होते. पान नुसते फिरलेले असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांत काटकोन टिकून असतात. चित्र उलट दिशेला फिरवले की काम झाले. कॅमेरा पानाला समांतर नसेल तर मात्र पान समलंब चौकोनासारखे दिसते, वरच्या ओळी आखूड आणि खालच्या लांब. ते कितीही फिरवले तरी सरळ होत नाही. पानाचे चार कोपरे ओळखून ते आयताच्या चार कोपऱ्यांवर बसवावे लागतात. मोबाइलमधली स्कॅनर ॲप हेच करतात. कोपरे त्यांनी चुकीचे धरले की नाही हे पाहायचे तर समासाची उभी रेघ आणि परिच्छेदांच्या डाव्या कडा समांतर आहेत का ते पाहावे.

उरलेला तिरपेपणा एखाद्या अंशाचा असला तरी तो ओळी बिघडवायला पुरेसा आहे. आपले पान सात इंच रुंद, म्हणजे १७५० पिक्सेल. एका अंशाच्या तिरपेपणाने पानभर रुंदीच्या ओळीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे ३० पिक्सेल खाली जाते. दोन ओळींतले अंतर १४ पॉइंट, म्हणजे ५० पिक्सेलांच्या आत. तिरपेपणा दोन अंशांचा झाला तर अशा ओळीचा शेवट पुढच्या ओळीच्या जागेवर पोचतो.

कोन शोधताना देवनागरीची शिरोरेषा कामी येते. चित्र उणे ५ ते अधिक ५ अंशांपर्यंत पाव-पाव अंशाने फिरवत प्रत्येक आडव्या रांगेतले काळे पिक्सेल मोजायचे. पान तिरपे असताना ही बेरीज सगळीकडे मिळमिळीत येते. शिरोरेषा अचूक आडव्या झाल्या की त्यांच्या रांगांत बेरीज एकदम उसळते आणि ओळींमधल्या जागेत शून्याकडे जाते. ज्या कोनाला हा चढउतार सर्वांत जास्त, तो बरोबर. रोमन लिपीलाही ही रीत चालते, पण तिच्यात इतकी धारदार उसळी मिळत नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील बी. बी. चौधरी आणि यू. पाल यांनी १९९७ साली शिरोरेषेच्याच आधारे भारतीय लिप्यांतील पानांचा तिरपेपणा मोजण्याची पद्धत मांडली होती.

फिरवणे करड्या चित्रावर करावे. आधीच काळे-पांढरे केलेले चित्र फिरवले तर शिरोरेषेला पायऱ्या पडतात. जाड पुस्तकाच्या बांधणीजवळ वळलेल्या ओळींना यातले काहीच लागू पडत नाही, कारण तिथे प्रत्येक ओळीचा कोन जागोजागी बदलतो. पान सपाट दाबून पुन्हा फोटो काढणे हाच त्यावर खात्रीचा इलाज. वर काच ठेवली तर चकाकीचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

उजेड आणि कॉन्ट्रास्ट

कॉन्ट्रास्टची पट्टी सरकवून पूर्ण चित्र गडद करणे हा लोकांचा पहिला उपाय, आणि तोच बऱ्याचदा घात करतो. फोटोतला दोष सहसा असमान उजेडाचा असतो: एका कोपऱ्यात हाताची सावली, दुसऱ्यात ट्यूबलाइटचा झोत. सावलीतला कागद झोताखालच्या शाईइतका गडद असू शकतो. अशा वेळी पूर्ण पानाला एकच सीमा लावून भागत नाही. आधी कोऱ्या कागदाचा उजेड प्रत्येक ठिकाणी किती होता याचा अंदाज काढायचा आणि चित्राला त्याने भागायचे. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या मुक्तस्रोत संचात ते असे होते:

```python
import cv2, numpy as np
g = cv2.imread("paan.png", cv2.IMREAD_GRAYSCALE)
k = np.ones((15, 15), np.uint8)
bg = cv2.medianBlur(cv2.dilate(g, k), 51)
out = cv2.divide(g, bg, scale=255)
cv2.imwrite("paan_saaf.png", out)
```

`dilate` हा टप्पा १५ पिक्सेलांपेक्षा बारीक काळ्या रेघा पुसून मागचा कागद उरवतो. कथेच्या मजकुराला हे माप ठीक आहे. ठळक मथळ्याची अक्षरे त्याहून जाड असतात; ती कागद समजली जातात आणि आतून पोकळ होतात. मथळा पोकळ दिसला की माप वाढवायचे.

यानंतर चित्र स्वतः काळे-पांढरे करावे की नाही यावर मतभेद आहेत. करड्या छटा राहू द्याव्यात हे सहसा अधिक सुरक्षित. टेसरॅक्टच्या पाचव्या आवृत्तीत ओत्सूशिवाय सौवोला ही जागेनुसार सीमा बदलणारी पद्धतही आहे, ती `-c thresholding_method=2` लिहून निवडता येते.

सीमा चुकली की देवनागरीत ठराविक चुका होतात, त्यावरून दोष ओळखता येतो. शाई फुगली तर भ आणि ध यांच्या माथ्यावरची फट बुजते. ‘भार’चा ‘मार’ आणि ‘धार’ची ‘घार’ होते. शाई झिजली तर ब आणि ष यांच्या पोटातली तिरपी रेघ जाते, ‘बात’ची ‘वात’ होते. शब्द अर्थपूर्णच राहिल्याने शुद्धलेखन तपासनिसाला यातले काही सापडत नाही. डाग काढण्याची गाळणीही जपून वापरावी, कारण अनुस्वार तिच्या लेखी धुळीचा कण असतो. मजकुरातले अनुस्वार एकदम कमी झाले असतील तर गाळणी जास्त झाली असे समजावे.

चकाकी

चकाकीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात कागदावर पांढरट धुके पसरलेले असते, तरी अक्षर खाली पुसट दिसत असते; वरच्या भागाकाराने ते बरेच परत येते. दुसऱ्यात पिक्सेल २५५ या कमाल मूल्याला टेकलेले असतात. तिथली शाई कॅमेऱ्याने नोंदवलेलीच नाही, त्यामुळे कोणतेही समायोजन ती आणू शकत नाही. आजूबाजूचे पाहून डाग भरून काढणारी साधने तिथे गुळगुळीत कागद किंवा काल्पनिक अक्षर भरतात. फोटो शोभेचा असेल तर ते चालेल, दस्तऐवजात नाही.

खरा उपाय दुसऱ्या फोटोचा आहे. कागद जागचा न हलवता कॅमेरा थोडा सरकवला की चकाकीची जागा बदलते, छापलेली अक्षरे मात्र तिथेच राहतात. दोन्ही फोटो पानाच्या चार कोपऱ्यांवरून एकमेकांवर जुळवायचे, दोघांचा उजेड वरील रीतीने सपाट करायचा आणि प्रत्येक ठिकाणी दोहोंतला गडद पिक्सेल ठेवायचा (`cv2.min(a, b)`). उजेड आधी सपाट केला नाही तर दोन्ही फोटोंतल्या सावल्याही गडद म्हणून निवडल्या जातात. शिरोरेषा दुहेरी दिसली तर जुळवणी चुकली किंवा मधल्या वेळात कागद हलला. पान वाकलेले असेल तर चार कोपऱ्यांवरून केलेली जुळवणी मध्यभागी फसते. फ्लॅश बंद ठेवून उजेड बाजूच्या खिडकीतून घेतला, तर हा सारा खटाटोप बहुधा टळतो.

तपासणी

तयार झालेला स्तंभ पुढील आज्ञेने वाचून घेता येतो:

```
tesseract paan_saaf.png paan -l mar --psm 6 tsv
```

`--psm 6` म्हणजे चित्रात मजकुराचा एकच सलग गठ्ठा आहे असे सांगणे. `tsv` मुळे प्रत्येक शब्दापुढे त्याची जागा आणि प्रणालीला वाटणारी खात्री १०० पैकी आकड्यात मिळते. पण चकाकीत गेलेल्या शब्दाची नोंदच होत नाही. वाक्य त्याला वगळून पुढे जाते आणि वाचताना ठीकही वाटते. म्हणून शब्दांच्या जागा चित्रावर चौकटींनी आखून, चौकट न पडलेले पट्टे शोधावे लागतात. कोणती सुधारणा खरोखर उपयोगी पडली हे ठरवायला त्याच पानातल्या दहाएक ओळी हाताने टाइप करून ठेवतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर प्रणालीच्या मजकुराशी ताडतात. किती चिन्हे बदलावी, घालावी वा काढावी लागतात ती संख्या भागिले एकूण चिन्हे, हा त्याचा नेहमीचा हिशेब. डोळ्यांना साफ दिसणाऱ्या चित्राचा चूक-दर मूळ फोटोपेक्षा वाढलेला निघणे हे काही विरळा नाही.