मिरवणुकीचा चढता ट्रॅक: ८४ पासून १६८ पर्यंत

ढोल-ताशाचा ट्रॅक करून घेणारी मंडळं बहुतेक एकच मागणी करतात: संथ सुरू होऊ दे, शेवटी बेभान होऊ दे. तिथं हमखास होणारी चूक म्हणजे पहिल्या ठोक्यापासून वेग थोडाथोडा चढवत नेणं. पाय कुठंच स्थिरावत नाहीत आणि चढ जाणवतही नाही. म्हणून आम्ही टप्पे करतो.

पाच मिनिटांच्या ट्रॅकचं उदाहरण घ्या. आवर्तन ८ मात्रांचं. मिनिटाला ८४ मात्रांच्या वेगात १६ आवर्तनं, ११२ ला १६, १४० ला २४ आणि शेवटी १६८ ला २०. टप्पा बदलण्याआधीचं एक आवर्तन फक्त ताशाचं ठेवायचं. त्यात ताशा वेग ओढून नेतो, शेवटची एक मात्रा रिकामी सोडतो आणि नव्या वेगाच्या समेवर सगळे ढोल एकदम पडतात. नाचणाऱ्यांचे हात वर जातात ते त्या रिकाम्या मात्रेत, त्यामुळे ती भरून काढायचा आग्रह कृपया धरू नका.

वेग वाढवायच्या आधी ताशा दाट करावा. ८४ च्या टप्प्यात पहिली आठ आवर्तनं मात्रेला दोन काड्या, पुढची आठ मात्रेला चार. वेग तोच राहतो, तरी अंगात चढायला लागतं. १६८ ला मात्रेला चार म्हणजे सेकंदाला अकराच्या वर काड्या पडतात. तिथं ताशाच बोलू द्यावा आणि ढोल कमी करावा: फक्त पहिली, चौथी आणि सातवी मात्रा.

ढोल कमी का, तर घुमारा. ८४ ला एका मात्रेपासून दुसरीपर्यंत ७१४ मिलिसेकंद असतात, १६८ ला निम्मेच. मोठ्या ढोलाचा घुमारा त्याहून लांबतो, मग ठोके एकमेकांत मिसळून नुसता गुरगुराट उरतो. बेळगावच्या खडे बाजार, रामदेव गल्लीसारख्या दोन्ही बाजूंनी भिंती असलेल्या जागी तो आणखी वाढतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात घुमारा सुमारे २५० मिलिसेकंदांवर कापतो आणि ढोल दोन्ही स्पीकरमध्ये सारखाच ठेवतो.

मंडळाकडं संथ वेगातलं जुनं रेकॉर्डिंग असतं, तेच ताणून जलद करून द्या म्हणतात. थोडाफार फरक चालतो, पण दुप्पट केलं की ताशाची कडकड जाऊन पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, कारण ताणताना प्रत्येक काडीची सुरुवातच पुसली जाते. वादक उपलब्ध असतील तर चारही वेगांत वेगळं वाजवून घेतो. नसतील तर ठोके सुटे कापून नव्या वेगावर मांडतो.

‘मोरया’चा गजरही त्याच कारणासाठी दोनदा रेकॉर्ड करून द्या, एकदा ८४ वर आणि एकदा १४० वर. कच्चा ट्रॅक मिळाला की मोबाईलवर ऐकून पसंती कळवू नका. मिरवणुकीत लावणार त्याच स्पीकरवर, गल्लीत लावा. शेवटच्या टप्प्यात चौथी आणि सातवी मात्रा वेगळी मोजता आली नाही तर तसं सांगा, घुमारा आणखी कापून देऊ.