वळणावर खोटं बोलणारं होकायंत्र: विमानात हेडिंग इंडिकेटर कुठून आला

छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये काचेच्या वरच्या बाजूला एक होकायंत्र टांगलेलं असतं. द्रवाने भरलेली डबी आणि तिच्यात टेकूवर तरंगणारी चुंबकाची तबकडी, एवढंच. त्याला ना वीज लागते ना इंजिन. तरीही वैमानिक वळताना त्याच्याकडे बघत नाही. त्याची नजर समोरच्या पॅनेलवरच्या, विमानाची दिशा दाखवणाऱ्या हेडिंग इंडिकेटरवर असते. हे होकायंत्र तीन प्रकारे चुकतं. त्यातल्या दोन चुका जहाजांच्या काळातच कळल्या होत्या. तिसरी माणूस ढगात शिरल्यावर कळली आणि तिने बळी घेतले.

पहिली चूक व्हेरिएशनची. सुई भौगोलिक उत्तर दाखवत नाही, त्या जागेच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवते, आणि या दोन दिशांमधला कोन म्हणजे व्हेरिएशन. एडमंड हॅलेने १६९८ ते १७०० या काळात ‘पॅरामोर’ जहाजातून अटलांटिक पालथा घातला आणि समान व्हेरिएशनच्या जागा रेषांनी जोडून १७०१ साली नकाशा छापला. आजच्या वैमानिकी नकाशांवरही तशाच रेषा असतात. अडचण अशी की या रेषा सरकतात. लंडनची सुई १६५०च्या दशकात खऱ्या उत्तरेवर होती, १९व्या शतकाच्या सुरुवातीला ती सुमारे २४ अंश पश्चिमेकडे गेली आणि २०१९ साली ग्रिनिचला पुन्हा खऱ्या उत्तरेवर आली. म्हणून मोजणी कधीच थांबवता येत नाही. आपल्याकडे हे काम कुलाब्याच्या वेधशाळेत चालायचं. मुंबईत ट्राम विजेवर धावणार हे ठरल्यावर तिथली उपकरणं बिघडणार हे उघड झालं आणि १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभी राहिली. मुंबईत व्हेरिएशन शून्याच्या जवळपास असल्याने इथे शिकणाऱ्याला ते फारसं जाणवत नाही. ही चूक नकाशावर छापलेली असते आणि साध्या बेरीज-वजाबाकीने निघून जाते.

दुसरी चूक डेव्हिएशनची, म्हणजे वाहनातल्याच लोखंडाने सुईला ओढण्याची. १५३८ साली गोव्याकडे निघालेल्या जुआंव द कास्त्रोने, जो पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला, जहाजावरची तोफ जवळ असली की सुई ढळते हे टिपून ठेवलं होतं. लाकडी जहाजांत तोफ दूर हलवली की काम भागायचं. लोखंडी जहाजं आल्यावर जहाजच तोफ झालं. १८३८ साली जॉर्ज एअरी यांनी ‘रेनबो’ या लोखंडी आगबोटीवर होकायंत्राजवळ लहान चुंबक आणि मऊ लोखंडाचे तुकडे ठेवून ही ओढ बरीचशी खोडून काढली. विमानात आजही तेच करतात. मोकळ्या जागी, इंजिन चालू ठेवून विमान ठरावीक अंशांनी फिरवायचं, प्रत्येक दिशेला फरक मोजायचा, बारीक स्क्रूंनी दुरुस्ती करायची आणि उरलेला फरक एका कार्डावर लिहून होकायंत्राशेजारी लावायचा. हेडसेट किंवा फोन त्या डबीजवळ ठेवला की ते कार्ड निरुपयोगी होतं.

आता तिसरी. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आडवं नसतं. आपल्या गोलार्धात ते उत्तरेकडे जाताना जमिनीत घुसतं आणि या तिरकेपणाला डिप म्हणतात. लंडनला तो सुमारे ६६ अंश आहे, मुंबई-अलिबागकडे २५च्या आसपास. लंडनला सुईला खाली खेचणारं बळ तिला उत्तरेकडे वळवणाऱ्या बळाच्या दुपटीहून जास्त असतं, तर आपल्याकडे ते जेमतेम निम्मं. सुईचं टोक खाली झुकू नये म्हणून तबकडीचा गुरुत्वमध्य टेकूच्या खाली ठेवतात, म्हणजे ती लंबकासारखी सपाट लटकते. जहाजासाठी एवढं पुरेसं होतं. वळणाऱ्या विमानात मात्र ‘खाली’ या शब्दाचाच अर्थ बदलतो. विमान पंख झुकवून वळतं आणि लटकणारी तबकडी विमानासोबतच कलते. मग खाली खेचणाऱ्या बळाला वाट मिळते आणि ते उत्तरेचं टोक झुकलेल्या पंखाकडे ओढतं.

लंडनच्या आकाशात विमान उत्तरेकडे चाललंय आणि वैमानिकाने उजवा पंख १५ अंश झुकवला, असं समजा. नुसत्या भूमितीने हिशोब केला तरी सुईची नवी विश्रांतीची जागा जवळजवळ ३० अंश उजवीकडे जाते. विमान सेकंदाला ३ अंश वळत असेल, तर पहिल्या तीन सेकंदांत ते ९ अंशच उजवीकडे गेलेलं असतं. तबकडी त्याहून पुढे पळाली की होकायंत्र विमान डावीकडे वळल्याचं दाखवतं. दक्षिणेकडे जाताना उलटं होतं आणि वळण असतं त्यापेक्षा मोठं दिसतं. मुंबईवर तोच हिशोब ७ अंशांच्या आसपास येतो. प्रत्यक्षात द्रवाचा भोवरा आणि तबकडीचे झोके यांनी आकडे हलतात, पण फरक हाच. बारामतीला विमान चालवायला शिकलेला विद्यार्थी युरोपात किंवा कॅनडात गेला की तिथलं होकायंत्र त्याला बिघडल्यासारखं का वाटतं, ते यातून कळावं. पूर्व-पश्चिम जाताना वेग वाढवला तरी तबकडी अशीच कलते आणि विमान उत्तरेकडे वळल्याचा भास होतो.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक ढगातून बाहेर आल्यावर सांगायचे की होकायंत्र गरगरा फिरू लागलं. अनेकांचा समज होता की ढगातच काही चुंबकीय गडबड असते. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत कीथ लुकास या केंब्रिजच्या शरीरशास्त्रज्ञाने त्याचा छडा लावला. ढगात क्षितिज दिसत नाही, पंख नकळत झुकतो, विमान वळू लागतं, होकायंत्र उलटी दिशा दाखवतं. वैमानिक ते खरं मानून ‘दुरुस्ती’ करतो आणि झुकाव आणखी वाढवतो. शेवट घिरट्या घेत खाली येण्यात. लुकासने संथ झोके घेणारं होकायंत्र बनवलं, त्याने त्रास कमी झाला, पण डिप काही जात नाही. उपाय पुरा होण्याआधीच, ऑक्टोबर १९१६ मध्ये, दोन विमानांच्या हवेतल्या टकरीत तो गेला. या गोष्टीतलं त्याचं नाव फार कमी लोकांना माहीत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खरी सुटका चुंबकाला बाजूला ठेवल्यावर झाली. वेगाने फिरणारं चाक आपला अक्ष सोडत नाही. अक्ष आडवा ठेवून ते चौकटीत बसवलं की विमान त्याच्याभोवती वळतं आणि किती वळलं ते तबकडीवर वाचता येतं. डिपशी त्याला घेणं-देणं नाही, झोके नाहीत. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेर एकदाही न बघता उड्डाण केलं, वळले आणि उतरले. पुढे दुसरे वैमानिक बेन केल्सी केवळ सावधगिरीसाठी बसले होते. त्या पॅनेलवर स्पेरी कंपनीचं कृत्रिम क्षितिज होतं आणि असंच चाक असलेला डिरेक्शनल जायरो होता. तोच आजचा हेडिंग इंडिकेटर.

पण या चाकाला उत्तर कुठे आहे हे माहीत नसतं. ते होकायंत्राकडूनच घ्यावं लागतं. शिवाय चाक आपली दिशा धरून बसतं आणि खालून पृथ्वी फिरत राहते. त्यामुळे लंडनला तासाला जवळपास १२ अंशांचा आणि मुंबईला ५ अंशांचा फरक पडतो, बेअरिंगच्या घर्षणाचा वेगळा. म्हणून दर १०–१५ मिनिटांनी विमान सरळ, सपाट आणि एकाच वेगाने उडवायचं, होकायंत्राची तबकडी थांबू द्यायची, कार्डावरचा फरक लक्षात घ्यायचा आणि बटण दाबून जायरो त्या आकड्यावर आणायचा. वळणात किंवा वेग वाढत असताना हे केलं, तर होकायंत्राची चूक आपल्याच हाताने जायरोत भरली जाते आणि पुढची १५ मिनिटं ती खरी वाटते.

जुन्या विमानांत हे चाक इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपाने ओढलेल्या हवेवर फिरतं. पंप बंद पडला तरी चाक लगेच थांबत नाही. ते मंदावत जातं आणि तबकडी हळूहळू सरकू लागते, कुठलाही गजर न वाजवता. पंपाची ओढ मोजणाऱ्या सक्शन गेजचा काटा खाली आलेला दिसतो, किंवा सरळ उड्डाणात जायरो आणि होकायंत्र यांच्यातलं अंतर वाढत चाललेलं दिसतं. अशा वेळी जायरो झाकून ठेवायचा. होकायंत्रावर नेम धरून वळायचं नाही. घड्याळ आणि वळण्याचा वेग दाखवणारा टर्न इंडिकेटर बघायचे. ९० अंश वळायचे तर सेकंदाला ३ अंशांच्या वेगाने ३० सेकंद मोजायचे, पंख सपाट करायचे आणि होकायंत्राची तबकडी शांत झाल्यावरच ती वाचायची.