माल कोल्हापूरचा, कर बंगळूरचा

शिरोलीच्या एका फाउंड्रीने एकाच पॅटर्नवरून व्हॉल्व्ह बॉडीचे तीन लॉट ओतले, असं धरू. प्रत्येक लॉटची किंमत एक लाख रुपये. पहिला पुण्याला गेला, त्याच्या बिलावर नऊ हजार केंद्राचा जीएसटी आणि नऊ हजार राज्याचा. दुसरा बंगळूरला गेला, त्यावर अठरा हजार आयजीएसटी, म्हणजे राज्याची सीमा ओलांडणाऱ्या मालावरचा जीएसटी. तिसरा कंटेनरमधून जर्मनीला गेला आणि त्याच्या बिलावर कराच्या रकान्यात शून्य.

तिसरं बिल बघून बहुतेक जण म्हणतात, "निर्यातीला सरकारची सूट आहे." मला हा शब्द खटकतो. सूट म्हणजे देणं लागत होतं आणि सोडून दिलं. इथे देणं मुळातच भारताचं नव्हतं. ते कसं, हे कळायला तिसरं बिल बाजूला ठेवून आधी दुसऱ्याकडे बघावं लागतं.

वस्तूवरचा कर कुणाचा, याला दोन उत्तरं आहेत. माल जिथे तयार झाला तिथल्या सरकारचा, हे उगमाचं तत्त्व. माल जिथे शेवटी वापरला जाणार तिथल्या सरकारचा, हे गंतव्याचं तत्त्व. पुण्याच्या बिलात हा फरक दिसतच नाही, कारण उगम आणि गंतव्य दोन्ही महाराष्ट्रात. माल सीमा ओलांडतो तेव्हाच दोन्ही वाटा फुटतात.

आपल्याकडे उगमाचा कर जवळजवळ साठ वर्षं होता. १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याला नाव केंद्राचं, पण वसूल होऊन पैसा राहायचा माल पाठवणाऱ्या राज्याकडे. हा सीएसटी बराच काळ चार टक्के होता, २००७ मध्ये तीन झाला आणि २००८ मध्ये दोन. तेव्हा हाच लॉट सी फॉर्मवर, म्हणजे गिऱ्हाइकाने द्यायच्या दाखल्यावर सवलतीच्या दराने, बंगळूरला गेला असता तर दोन हजार रुपये महाराष्ट्राच्या तिजोरीत पडले असते आणि तिथेच राहिले असते. बंगळूरच्या व्यापाऱ्याला त्या दोन हजारांचं क्रेडिट मिळत नव्हतं, म्हणजे ते त्याला आपल्या करातून वळते करता येत नव्हते. ते त्याच्या खरेदी किमतीत मुरायचे आणि पुढे कर्नाटकचा व्हॅट त्या फुगलेल्या किमतीवर लागायचा. शिवाय त्या सी फॉर्मसाठी गिऱ्हाइकाच्या मागे किती फोन करावे लागायचे, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांमधला कर गंतव्यावर गेला. आता बंगळूरच्या बिलातले पैसे कसे फिरतात ते बघा. फाउंड्रीने भंगार आणि पिग आयर्न साठ हजाराला कोल्हापुरातच घेतलं. सोयीसाठी सगळ्यावर अठरा टक्के धरू. म्हणजे १०,८०० रुपये कर दिला, त्यातले ५,४०० महाराष्ट्राचे. पुढे बंगळूरच्या बिलावर अठरा हजार आयजीएसटी लावला, त्यात हे १०,८०० वळते केले आणि ७,२०० रोख भरले. गंमत इथे आहे. महाराष्ट्राला मिळालेले ५,४०० फाउंड्रीने आयजीएसटी भरायला वापरले, म्हणून ते महाराष्ट्राला आयजीएसटीच्या खात्यात परत द्यावे लागतात.

बंगळूरच्या व्यापाऱ्याने तो लॉट तिथल्याच गिऱ्हाइकाला १,२०,००० ला विकला. कर झाला २१,६००, अर्धा केंद्राचा आणि अर्धा कर्नाटकचा. त्याच्याकडे अठरा हजारांचं क्रेडिट आहे. त्यातले १०,८०० त्याने केंद्राच्या वाट्याला लावले, उरलेले ७,२०० कर्नाटकच्या वाट्याला लावले आणि ३,६०० रोख भरले. ते ७,२०० कर्नाटकला आयजीएसटीच्या खात्यातून मिळतात. हिशोब मिटला तेव्हा कर्नाटककडे पूर्ण १०,८०० आणि महाराष्ट्राकडे शून्य. भट्टी इथली, कामगार इथले, धूर इथला, आणि या मालावर राज्याच्या हातात एक रुपयाही नाही.

कारखानदारी असलेली राज्यं या बदलाला का कुरकुरत होती, ते यावरून कळेल. त्यांची समजूत काढायला घटनादुरुस्तीच्या मूळ विधेयकात माल पाठवणाऱ्या राज्यासाठी एक टक्का जादा कराची तरतूद होती. ती राहिली असती तर सीएसटी मागच्या दाराने परत आला असता. २०१६ मध्ये ती गळली आणि राज्यांना पाच वर्षं नुकसानभरपाई देण्याचं पक्कं झालं.

आता जर्मनीचं बिल. नियम तोच आहे, कर जिथे वापर तिथे. फरक एवढाच की कर्नाटकऐवजी समोर जर्मनी आहे आणि दोघांमध्ये हिशोब मिटवणारं आयजीएसटीसारखं खातं नाही. म्हणून दोन्ही सरकारं आपापल्या सीमेवर काम करतात. भारत मालावर कर लावत नाही आणि आत अडकलेला कर काढून घेऊ देतो. जर्मनी माल आत येताना आपला १९ टक्के व्हॅट लावतं. शेजारच्या जर्मन फाउंड्रीच्या मालावरही तेच १९ टक्के. एक लाखाचा आपला लॉट तिथे १,१९,००० ला पडतो आणि एक लाखाचा जर्मन लॉटही १,१९,००० ला. बाकी चुरस दर्जाची आणि किमतीची.

भारताने निर्यातीवर अठरा टक्के लावले असते तर आपला लॉट १,१८,००० चा होऊन निघाला असता आणि त्यावर जर्मनीचे १९ टक्के धरून १,४०,४२० झाला असता. उगमाचं तत्त्व प्रामाणिकपणे चालवायचं तर भारताने निर्यातीवर कर लावावा आणि जर्मनीने आयातीवर लावू नये. पण तसं झालं तर तिथल्या दुकानात प्रत्येक देशाचा माल आपापल्या देशाचा दर घेऊन उभा राहील आणि गिऱ्हाईक मालाऐवजी दराची तुलना करील. जगभर एकच दर असता तर फार बिघडलं नसतं. तसा तो नाही. शिवाय आयात करणारा देश आपला कर सोडेल याची खात्री कोण देणार?

म्हणूनच जागतिक व्यापाराच्या नियमांतही निर्यात मालावरचा अप्रत्यक्ष कर न घेणं किंवा लागला तेवढाच परत करणं हे अनुदान मानलं जात नाही. लागला त्याहून जास्त परत केला तर मात्र अनुदान होतं. निर्यातीच्या नफ्यावरचा आयकर माफ केला तरी ते अनुदानच ठरतं, कारण आयकर वस्तूबरोबर गिऱ्हाइकापर्यंत जातो असं धरत नाहीत.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू, कारण तो महागात पडतो. शून्य दर आणि करमाफी या दोन गोष्टी आहेत. बिलावर दोन्हींत कर शून्यच दिसतो. पण करमाफ मालाच्या कच्च्या मालावर दिलेलं क्रेडिट जातं. आपला लॉट करमाफ असता तर ते १०,८०० किमतीत घालून १,१०,८०० ला विकावा लागला असता, म्हणजे भारताचा कर लपून जर्मनीला गेला असता. शून्य दरात विक्रीवर कर नाही आणि मागचे १०,८०० परत मिळतात. बिलावरच्या शून्यापेक्षा हा परतावाच खरा शून्य दर.

परताव्याच्या दोन वाटा आहेत. एक, दर आर्थिक वर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र पोर्टलवर द्यायचं, कर न भरता माल पाठवायचा आणि अडकलेलं क्रेडिट अर्ज करून मागायचं. दुसरी, आयजीएसटी क्रेडिटमधून भरून माल पाठवायचा आणि भरलेला कर परत घ्यायचा. दुसऱ्या वाटेत वेगळा अर्ज नाही, शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा कागद, हाच अर्ज.

कोणती वाट घ्यावी, हे एका महिन्याच्या हिशोबाने बघू. उलाढाल दहा लाख, त्यात सात लाखांची निर्यात. कच्च्या मालावरचं क्रेडिट १,०८,०००. त्यातून देशातल्या तीन लाखांच्या विक्रीचा कर, ५४,०००, वजा झाला. शिल्लक ५४,०००. एलयूटीच्या वाटेने परतावा काढताना कच्च्या मालाच्या क्रेडिटला निर्यातीच्या हिश्शाने गुणतात. दहापैकी सात म्हणजे ७५,६००. शिल्लक त्याहून कमी आहे, म्हणून सगळे ५४,००० मिळतात. इथवर ठीक.

त्याच महिन्यात दहा लाखांची नवी भट्टी घेतली तर आणखी १,८०,००० क्रेडिट येतं आणि शिल्लक २,३४,००० होते. पण या सूत्रात यंत्रसामग्रीचं क्रेडिट धरत नाहीत. परतावा ७५,६०० वरच अडतो आणि १,५८,४०० खात्यात पडून राहतात. देशात विक्री असेल तर हळूहळू वापरता येतील, सगळाच माल बाहेर जात असेल तर या वाटेने ते बाहेर निघत नाहीत. दुसऱ्या वाटेने सात लाखांवर १,२६,००० आयजीएसटी याच क्रेडिटमधून भरला तर तेवढे रोख परत येतात. भट्टी घेतलेल्या वर्षी म्हणूनच ही वाट तपासून बघावी.

दुसऱ्या वाटेचं दुखणं वेगळं. शिपिंग बिलातला बिल क्रमांक आणि GSTR-1 या विक्रीच्या विवरणपत्रातल्या 6A तक्त्यातला क्रमांक अक्षरशः जुळावा लागतो. पुष्कळदा कस्टम्स एजंट कमर्शियल इन्व्हॉइसचा नंबर टाकतो आणि अकाउंटंट जीएसटीच्या बिलाचा. मग परतावा गप्प बसतो. कस्टम्सच्या ICEGATE पोर्टलवर शिपिंग बिलापुढे SB005 दिसलं की समजावं, नंबर जुळलेला नाही. SB002 दिसलं तर जहाज कंपनीच्या बाजूचा निर्यात मॅनिफेस्ट, म्हणजे जहाजातल्या मालाची यादी, अजून चढलेला नाही. पहिल्यात चूक आपल्याकडे शोधायची, दुसऱ्यात त्यांच्याकडे पाठपुरावा करायचा. सोपा उपाय म्हणजे दोन्ही इन्व्हॉइसना एकच नंबर ठेवणं.

हे सगळं जमलं तरी शून्य पूर्ण शून्य होत नाही. फाउंड्रीचा मोठा खर्च विजेचा, आणि विजेवर जीएसटी लागत नाही. विजेच्या बिलातल्या शुल्काचं क्रेडिट नाही. माल न्हावा शेव्याला नेणाऱ्या ट्रकच्या डिझेलवर राज्याचा व्हॅट आहे, त्याचंही नाही. हे कर उगमाच्या जागी लागतात आणि कास्टिंगबरोबर मुकाट जर्मनीला जातात. १ जानेवारी २०२१ पासूनची रोडटेप योजना याच करांच्या परतफेडीसाठी आहे. पण तिथे तुमचं वीजबिल कुणी बघत नाही. वस्तूच्या वर्गाप्रमाणे ठरलेला दर मिळतो, पुष्कळदा मर्यादेसकट. दोन टन लोखंड वितळवायला शेजाऱ्यापेक्षा जास्त युनिट जाळत असाल, तर वरच्या युनिटांवरचं शुल्क तुमचं तुम्हालाच.